पियानोवर नेमकं कोण? एका श्रवणसत्राच्या पत्रकातल्या दोन चुका

पार्श्वभूमी

आमचं पुण्यातलं श्रवणमंडळ महिन्यातून एका रविवारी जमतं. पंचवीस-तीस माणसं, एका सदस्याच्या घरचा मोठा हॉल, बरे स्पीकर आणि मध्ये चहा. बहुतेक वेळा शास्त्रीय मैफली ऐकतो, वर्षातून दोनदा दुसरं काहीतरी. अशाच एका सत्रासाठी माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकायचं ठरलं. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या इमारतीत, दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेला हा जॅझ अल्बम. पाच रचना, दोन बाजू.

प्रत्येक सत्राला आम्ही एक पानी पत्रक काढतो. रचना कोणती, साधारण किती मिनिटांची, कोण काय वाजवतं, कोणाच्या मागून कोण येतं, एवढंच त्यात असतं. ख्यालाच्या मैफलीत हे सोपं जातं, कारण तबल्यावर एक माणूस असतो आणि पेटीवर एक. इथे मात्र दोन सॅक्सोफोन आहेत आणि, हे आम्हाला नंतर कळलं, पियानोवादकही दोन आहेत.

पत्रकाची जबाबदारी माझ्याकडे होती. मंडळातली एक मुलगी पियानो शिकते. तिने ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या रचनेतला पियानोचा सोलो ऐकून ऐकून स्वरलिपीत उतरवला होता आणि सत्राच्या शेवटी ती तो वाजवून दाखवणार होती. तिच्या वहीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘बिल एव्हान्स’. मी पत्रकाच्या मसुद्यात तेच उतरवलं. ज्या ॲपवर आम्ही ऐकत होतो तिथे श्रेयांचं पान उघडलं की पियानोपुढे तेवढंच नाव दिसत होतं, म्हणून शंका यायचं कारणही नव्हतं.

अडचण

मसुदा ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या हार्मोनियमवाल्या काकांचा फोन आला. काका जॅझ फारसं ऐकत नाहीत, पण त्यांनी पाचही रचना लागोपाठ ऐकल्या होत्या. म्हणाले, “अरे, हा दुसऱ्या नंबरवरचा पेटीवाला वेगळा आहे. बाकी चार ठिकाणी जो आहे तो मान खाली घालून बसलेला माणूस वाटतो. हा बघ, हा पाय हलवत वाजवतोय.”

मी हसलो, पण रात्री पुन्हा ऐकलं. पहिल्या रचनेत, ‘सो व्हॉट’मध्ये, पियानोचा सोलो जवळजवळ सगळा सुरांच्या गुच्छांचा आहे. दोन्ही हात एकत्र, मऊ, मध्ये भरपूर जागा सोडून. ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये मुखडा दोनदा झाल्यावर, पाऊण मिनिटाच्या आसपास पियानो सुटतो तो एकेरी सुरांच्या लखलखीत ओळी घेऊन. उजवा हात उड्या मारत जातो, डावा मध्येच छोटी टाळी दिल्यासारखा ठोका देतो. आता एकच वादक दोन रचनांत दोन तऱ्हांनी वाजवू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही. पण काकांचं म्हणणं झटकून टाकता येईना.

मुलीला विचारलं, “तुला हे नाव कुठून मिळालं?” तिने एका व्हिडिओतून घेतलं होतं. व्हिडिओवाल्याने बहुधा अल्बमच्या नावावरून लावलं असणार. म्हणजे आमच्याकडे तीन ठिकाणी एकच नाव होतं आणि तिन्ही ठिकाणी ते ‘अल्बमचा पियानोवादक’ म्हणून आलेलं. या एका रचनेत पियानोवर कोण, हे तिघांपैकी कोणीच स्वतंत्रपणे सांगत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

सत्राला दहा दिवस होते. सर्वांत सोपं म्हणजे पत्रकात पियानोवादकाचं नावच न घालणं. पण मुलगी तो सोलो वाजवणार होती. वादकाचं नाव न सांगता त्याचा सोलो वाजवायचा हे कोणालाच पटेना.

दुसरा मार्ग कानाचा. एव्हान्सची इतर ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि ठरवायचं. हा मार्ग एकटा वापरला तर धोक्याचा, कारण संशय कोणावर घ्यायचा हेच माहीत नसेल तर कान मनात आधी बसलेलं नावच पुन्हा ऐकवतो. मुलीला तो सोलो आठवडाभर ‘एव्हान्सचाच’ वाटत होता, हे त्याचं उदाहरण घरातच होतं.

तिसरा मार्ग छापील श्रेयांचा. म्हणजे ॲप बंद करून प्रत्यक्ष डबी किंवा कव्हर हातात घ्यायचं. मंडळातल्या एकाकडे १९९७ची सीडी होती आणि दुसऱ्या एका काकांकडे त्यांच्या मेहुण्याने साठच्या दशकात अमेरिकेतून आणलेली जुनी मोनो तबकडी. दोन्ही मागवल्या. निर्णय बरोबर होता, पण पुढची चूक याच निर्णयाच्या पोटात होती.

काय केलं: पियानोचा प्रश्न

सीडीच्या पुस्तिकेने पहिला प्रश्न दोन मिनिटांत सोडवला. वादकांच्या यादीत माइल्स डेव्हिस ट्रम्पेटवर, ज्युलियन ‘कॅननबॉल’ ॲडरली आल्टो सॅक्सोफोनवर, जॉन कोल्ट्रेन टेनर सॅक्सोफोनवर, पॉल चेंबर्स बासवर, जिमी कॉब ड्रम्सवर. पियानोला बिल एव्हान्स आणि त्याच्याबरोबर विंटन केली. केलीच्या नावापुढे अट अशी की तो फक्त ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर आहे. ॲडरलीलाही अट होती, ‘ब्लू इन ग्रीन’ सोडून बाकी सगळीकडे.

नवशिका माणूस नावं वाचतो आणि या अटींवरून पुढे जातो, कारण त्या बारीक अक्षरात असतात. खरा मजकूर त्यांच्यातच असतो. ॲपच्या पानावर नेमक्या याच अटी गळून पडल्या होत्या. यादी अल्बमची झाली होती, रचनेची राहिली नव्हती.

यामागची हकीकत जॅझवाल्यांना पाठ आहे. एव्हान्सने १९५८च्या अखेरीस डेव्हिसचा संच सोडला होता आणि त्याच्या जागी केली रुजू झाला होता. या अल्बमसाठी डेव्हिसने एव्हान्सला परत बोलावलं. २ मार्च १९५९ला दोन्ही पियानोवादक स्टुडिओत हजर होते. पहिली ध्वनिमुद्रित झाली ती ‘फ्रेडी फ्रीलोडर’, केलीबरोबर. मग त्याच दिवशी ‘सो व्हॉट’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, एव्हान्सबरोबर. दुसरी बाजू २२ एप्रिलला झाली आणि तेव्हा केली नव्हता.

तारखांचा उपयोग कुठवर होतो आणि कुठे संपतो, ते इथे चांगलं दिसतं. दुसऱ्या बाजूचा पियानो तारखेवरूनच ठरतो, कारण २२ एप्रिलला पियानोवर बसणारा एकच माणूस होता. पहिल्या बाजूला तारीख काही सांगत नाही. अमेरिकेत वादकांच्या युनियनला दिल्या जाणाऱ्या कागदांवर त्या दिवशी कोण हजर होतं आणि कोणाला किती पैसे द्यायचे हे असतं. २ मार्चचा असा कागद हातात आला असता तरी त्यातून कुठल्या रचनेत पियानोवर कोण बसलं हे कळलं नसतं. ते रचनावार श्रेयातूनच कळतं.

कव्हरमागच्या मजकुरात हे सापडतं का, तेही पाहिलं, कारण तो मजकूर खुद्द बिल एव्हान्सने लिहिलेला आहे. सुरुवातीला एका जपानी चित्रपद्धतीचा दाखला आहे, ज्यात कागद इतका नाजूक की रेघ खोडता येत नाही. पुढे पाचही रचनांचा आराखडा एकेका वाक्यात येतो. ‘फ्रेडी फ्रीलोडर’बद्दल तो एवढंच सांगतो की ती बारा मात्राखंडांची ब्लूज आहे. आपण तिथे पियानोवर नव्हतो याचा त्या वाक्यात उल्लेख नाही. लिहिणारा स्वतः संचातला असला की त्याच्या मजकुरात सगळं असेल असं वाटतं. इथे तो रचनेबद्दल बोलत होता, वादकांबद्दल नाही.

नाव हातात आल्यावर मग कान कामाला लावले. केली वाजवतो तशी एकच रचना अल्बमवर आहे, म्हणून त्याची आणखी एकदोन ध्वनिमुद्रणं ऐकली. तोच उड्या मारणारा उजवा हात, तोच ब्लूजचा मुरलेला रंग. काकांना फोन केला. ते म्हणाले, “मी सांगितलं होतं. पाय हलवतोय.”

मुलीने वहीवरचं नाव खोडलं आणि शांतपणे विचारलं, “मग माझे सूर तरी बरोबर आहेत ना?” तिची तक्रार वेगळीच होती. तिच्याकडच्या जुन्या डिजिटल प्रतीत या रचनेचे सूर तिच्या पियानोशी जुळत नव्हते, पाव सुराच्या निम्म्याहून थोडे कमी पण नक्की चढे होते. काकांकडच्या तबकडीवरही पहिली बाजू तशीच चढी, दुसरी बरोबर. हेही जुनं प्रकरण आहे. मार्चमधल्या ध्वनिमुद्रणात मुख्य टेपयंत्र जरा हळू चाललं होतं, त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवली की सगळं सव्वा टक्का जास्त वेगात आणि तेवढंच वर ऐकू येतं. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर साधारण एकवीस भाग. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत हे दुरुस्त झालं. मुलीचे सूर बरोबर होते, प्रत जुनी होती. आम्हाला यातून आणखी एक गोष्ट कळली: पहिल्या बाजूचा सूर लावून पाहिला की हातातली डिजिटल प्रत जुन्या टेपवरून आली की दुरुस्त केलेल्या, हे ओळखता येतं.

दुसरी चूक, माझी

पियानोचं कोडं सुटल्याच्या आनंदात मी तबकडी आणि सीडी शेजारी ठेवून बाकी पत्रक भरायला बसलो. दुसऱ्या बाजूला आल्यावर दोन्हींत फरक दिसला. सीडीवर आधी ‘ऑल ब्लूज’ आणि मग ‘फ्लेमेंको स्केचेस’. तबकडीवर उलट, आधी ‘फ्लेमेंको स्केचेस’ आणि शेवटी ‘ऑल ब्लूज’.

मी घड्याळ लावून ऐकलं. दोन्हींवर पहिली रचना साडेअकरा मिनिटांची, दुसरी साडेनऊच्या आसपासची. म्हणजे संगीताचा क्रम तोच होता, नावांचा फिरला होता. मला वाटलं, जुनी प्रत ती खरी. नंतरच्या आवृत्तीवाल्यांनी नावं इकडची तिकडे केली असणार. पोथ्यांच्या बाबतीत आपण असंच म्हणतो ना, जुनी ती जास्त विश्वासाची. मी तबकडीप्रमाणे पत्रक भरलं आणि चाळीस प्रती छापून आणल्या.

चूक नुसत्या नावांची असती तर फार बिघडलं नसतं. पण कोणाच्या मागून कोण येतो हे मी एका लेखातून रचनेच्या नावानुसार घेतलं होतं. ‘ऑल ब्लूज’मध्ये डेव्हिसनंतर ॲडरली येतो, मग कोल्ट्रेन, मग एव्हान्स. ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये डेव्हिसनंतर कोल्ट्रेन, मग ॲडरली, मग एव्हान्स आणि शेवटी पुन्हा डेव्हिस. नावं फिरली की दोन्ही रचनांतले सॅक्सोफोनवाले फिरतात. चाळीस लोकांना मी ॲडरलीचा सोलो कोल्ट्रेनचा म्हणून ऐकवणार होतो, तोही छापील पुराव्यासकट.

पत्रकात आणखी एक ओळ मी हौसेने घातली होती. स्टिरिओ आवृत्तीत कोल्ट्रेनचा टेनर डावीकडून आणि ॲडरलीचा आल्टो उजवीकडून ऐकू येतो, तेव्हा नव्या श्रोत्यांनी त्या खुणेने ओळखावं.

शनिवारची तालीम

सत्राच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पाचजण हॉलमध्ये स्पीकर तपासायला जमलो. सीडी लावली. ‘सो व्हॉट’मध्ये डेव्हिसनंतर कोल्ट्रेन यायला हवा आणि पत्रकानुसार तो डावीकडून यायला हवा. आवाज आला उजवीकडून. आम्ही म्हटलं, आपण नीट मध्ये बसलेलो नाही. खुर्च्या सरकवल्या.

‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्येही तेच. तरी कोणी काही बोललं नाही. मला वाटतं इथेच थांबायला हवं होतं, पण छापून आणलेल्या कागदाचा एक धाक असतो.

‘ब्लू इन ग्रीन’ने अडवलं. या रचनेत ॲडरली नाही, म्हणजे सॅक्सोफोन ऐकू आला की तो कोल्ट्रेनच, दुसरा पर्यायच नाही. आणि तो उजवीकडून वाजत होता. मुलगी उठली, ॲम्प्लिफायरच्या मागे गेली आणि म्हणाली, “वायर उलट्या लावल्यात.” वायर मीच लावल्या होत्या.

वायर सरळ केल्या आणि पहिल्या तीन रचनांतले तुकडे पुन्हा ऐकले. सगळं पत्रकाशी जुळलं. मग दुसरी बाजू. पहिल्या रचनेपुढे पत्रकात होतं: ‘फ्लेमेंको स्केचेस’, डेव्हिस, मग कोल्ट्रेन. डेव्हिस संपला आणि सॅक्सोफोन आला तो उजवीकडून. आवाजही मघाच्या ‘ब्लू इन ग्रीन’मधल्या सॅक्सोफोनसारखा नव्हता. तो टेनरचा, थोडा कोरडा आणि सरळ रेषेत जाणारा. हा जरा वरच्या पट्टीतला, भरलेला, लाडात येऊन वळणं घेणारा आल्टो.

वायर उलट्याच राहिल्या असत्या तर हा सोलो डावीकडून आला असता आणि माझं चुकीचं पत्रक बरोबर वाटलं असतं. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं असतं. ‘ब्लू इन ग्रीन’ आधी वाजलं म्हणून वाचलो.

दोन छापील पुराव्यांमध्ये निवड कशी केली

आता प्रश्न असा की तबकडी खरी की सीडी. आल्टो आधी आला यावरून लेखातला ‘ऑल ब्लूज’चा क्रम जुळत होता, म्हणजे कौल सीडीच्या बाजूने होता. पण लेख लिहिणाराही सीडीवरूनच लिहीत असेल, तर हा पुरावा स्वतंत्र नव्हता. व्हिडिओ आणि ॲपच्या बाबतीत तीच फसगत झाली होती, म्हणून या वेळी आम्ही थोडा हट्ट धरला.

पहिला आधार एव्हान्सच्या आराखड्यांचा. सीडीच्या पुस्तिकेत ‘ऑल ब्लूज’ला सहा-आठच्या लयीतली बारा मात्राखंडांची ब्लूज म्हटलंय आणि ‘फ्लेमेंको स्केचेस’ला पाच स्वरसप्तकांची मालिका, ज्यात एकेका सप्तकावर वादकाने हवं तितकं थांबावं आणि मग पुढे जावं. तबकडीच्या कव्हरवर नेमका तो भाग कसरीने खाल्लेला, त्यामुळे तिथे काय होतं हे वाचता आलं नाही. पण ऐकून तपासता येतं. हार्मोनियमवाल्या काकांनी मांडीवर ताल धरला. साडेअकरा मिनिटांची रचना सहाच्या झुलत्या चालीत जाते, काका तिला दादऱ्याचा चुलतभाऊ म्हणाले, आणि बासवर तेच तेच वळण फिरत राहतं. बारा खंड झाले की चक्र पुन्हा सुरू. साडेनऊ मिनिटांच्या रचनेत असं चक्र हाती लागत नाही. प्रत्येक वादक एका सप्तकात रेंगाळतो आणि आपल्या मर्जीने पुढच्यात जातो. शिवाय बारा खंडांच्या ब्लूजचं नाव ‘ऑल ब्लूज’ असणं हे कोणालाही पटेल, पण निव्वळ नावावरून निकाल द्यायचा नाही असं ठरवलं.

दुसरा आधार निर्णायक ठरला. डेव्हिस ‘ऑल ब्लूज’ पुढे मैफलींत वाजवत राहिला. फेब्रुवारी १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ या नावाने निघालं, त्यात ‘ऑल ब्लूज’ आहे. संच वेगळा, वर्ष वेगळं, वेष्टन वेगळं. लावलं तर खूप वेगात, पण धून तीच, सहाची आणि बारा खंडांची. १९५९च्या छपाईतल्या घोळाचा या प्रतीशी संबंध नाही. त्यामुळे साडेअकरा मिनिटांची रचना ‘ऑल ब्लूज’, यात शंका उरली नाही.

मग कळलं की हा घोळ जाणकारांना माहीत आहे. सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूची नावं उलट छापली गेली होती आणि पुढे ती दुरुस्त झाली. म्हणजे काकांची तबकडी जुनी आहे याचा तो पुरावा होता, बरोबर असल्याचा नव्हे. पोथ्यांचा माझा न्याय इथे लागू पडला नाही, कारण छापील कव्हरमध्ये पहिली आवृत्ती ही बहुतेकदा घाईची असते आणि चुका नंतरच्या छपाईत निघतात. उलटंही घडतं. पुढच्या स्वस्त आवृत्त्यांत वादकांची यादीच उडवलेली असते. म्हणून जुनी की नवी असा सरसकट नियम करता येत नाही, त्या त्या ओळीपुरतं पाहावं लागतं.

निष्पत्ती

शनिवारी रात्री साडेदहापर्यंत पाचजणांनी चाळीस पत्रकांवर निळ्या पेनाने बाण काढले आणि नावं उलटसुलट केली. रविवारी अठ्ठावीस माणसं आली. वायर सरळ होत्या. ‘ब्लू इन ग्रीन’ आम्ही मुद्दाम सर्वांत आधी लावलं, त्यातला एकच सॅक्सोफोन सगळ्यांच्या कानात बसवला आणि मग ‘सो व्हॉट’कडे गेलो. एरवी आम्ही अल्बमचा क्रम मोडत नाही, पण या वेळी फायदा झाला. टेनर ओळखीचा झाल्यावर उरलेला तो आल्टो, हे पहिल्यांदाच जॅझ ऐकणाऱ्या दोनतीन जणांनीही बरोबर सांगितलं. दिशा पाहून नाही, आवाज ऐकून. हॉलच्या कडेला बसलेल्यांना दिशा तशीही कळत नाही.

एक गोष्ट सुटली. पत्रकात मी एका ठिकाणी ‘ज्युलियन ॲडरली’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कॅननबॉल’ लिहिलं होतं. एका बाईंनी चहाच्या वेळी विचारलं, हे दोघे भाऊ का? माणूस एकच आहे. त्याला नॅट नावाचा भाऊ होता, तोही वादक, कॉर्नेट वाजवायचा, पण तो या अल्बमवर नाही. टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही छापायची असतील तर एकाच ओळीत एकत्र छापावीत, हे लक्षात यायला हवं होतं.

मुलीने शेवटी केलीचा सोलो वाजवला. सुरुवातीला जरा अडखळली, मग जमलं.

वेगळं काय केलं असतं

मसुदा ग्रुपवर टाकण्याआधी प्रत्येक नावापुढे ते कुठून आलं हे मी पेन्सिलने लिहिलं असतं. पियानोपुढे ‘ॲप, व्हिडिओ, वही’ असं दिसलं असतं आणि तिघांचं मूळ एकच आहे हे तिथेच कळलं असतं.

छापील श्रेय पाहताना आधी अटी वाचल्या असत्या. ‘फक्त अमुक रचनेवर’ आणि ‘तमुक रचना सोडून’ या दोन अटींनी या प्रकरणातले निम्मे प्रश्न सोडवले, आणि दुसरीने तर उलट्या वायरही पकडल्या. श्रेयातून उमेदवार किती ते कळतं. जिथे उमेदवार एकच उरतो ती रचना आधी शोधायची आणि तिच्यावर कान तयार करायचा, हे आम्हाला अपघाताने सुचलं. ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

दोन कव्हरांत फरक दिसला तेव्हा मी स्वतःच निवाडा केला आणि छापायला गेलो. तेव्हा काकांना फोन करून ताल धरायला सांगितलं असतं तरी पुरलं असतं, पाच मिनिटांचं काम. या अल्बमच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त २००८मध्ये निघालेल्या आवृत्तीत स्टुडिओतले अपुरे तुकडे आणि मधली बोलणी आहेत, आणि ॲश्ली कान यांनी या ध्वनिमुद्रणावर एक आख्खं पुस्तक लिहिलेलं आहे. दोन्ही आम्ही सत्रानंतर मिळवली. आधी मिळवली असती तर चाळीस पत्रकं स्वच्छ राहिली असती.

तबकडी परत करताना काकांना विचारलं, कव्हरवर पेन्सिलने नावं दुरुस्त करून ठेवू का? ते म्हणाले, “कव्हरला हात लावू नकोस. ती चूक आहे म्हणून तर तिला किंमत आहे.” मग एका चिठ्ठीवर दुसऱ्या बाजूचा खरा क्रम लिहिला, त्याखाली ‘पियानो: विंटन केली, फक्त फ्रेडी फ्रीलोडर’ अशी ओळ घातली आणि चिठ्ठी तबकडीबरोबर आत सरकवली.